वीस किलो लोखंडाचा गुडघा

तिचं खरं नाव फक्त हजेरीपटाला माहीत होतं. बाकी सगळ्या कारखान्यासाठी ती हातनकोताई. नाव ठेवणाऱ्याला फार डोकं खाजवावं लागलं नसणार, कारण दिवसातून पन्नास वेळा तिच्या तोंडून तेच दोन शब्द यायचे. कुणी तिच्या टेबलावरची केबल उचलायला गेलं की मान वर न करता, "हात नको." एकदा मुख्य कार्यालयातून मोठे संचालक आले. टेबलावरचा चकचकीत सेन्सर बघून त्यांना कौतुक वाटलं आणि त्यांनी तो चिमटीत धरायला हात पुढे केला. "हात नको." संचालकांचा हात हवेतच राहिला, आमच्या साहेबांच्या तोंडचं पाणी पळालं. ताईला त्याचं काही नव्हतं. "तुम्ही हात लावला की मला अर्धा तास पुसत बसावं लागतं," असं तिने त्यांना समजावून सांगितलं. तिच्या हिशेबी हे सौजन्य होतं.

प्रेसच्या हॉलवर लोखंडी जिना चढून गेलं की तिची खोली. एक टेबल, एक भिंग, स्पिरिटची बाटली, कापसाचे बोळे आणि केस वाळवायचं एक जुनं यंत्र. त्या यंत्राने तिने स्वतःचे केस कधी वाळवले असतील असं वाटत नाही. ते केबलच्या टोकांसाठी होतं. प्रत्येक टोकाला प्लॅस्टिकची टोपी. टोपी काढून ठेवणाऱ्याच्या ती सात पिढ्यांची विचारपूस करायची. आल्यागेल्याला बसायला एकच स्टूल होतं, त्याचा एक पाय मुद्दाम आखूड ठेवलेला होता असा माझा संशय आहे. कोणी फार वेळ बसत नसे.

एकोणिसाव्या वर्षी ती केबलना कथलाचे डाग द्यायच्या टेबलावर लागली. वरच्या खोलीतला म्हातारा कारागीर निवृत्त झाला तेव्हा त्याच्या जागी कोणी मिळेना, म्हणून 'चार दिवसांपुरती' तिला वर पाठवलं. त्या चार दिवसांना सव्वीस वर्षं झाली होती. मधल्या काळात तिने संध्याकाळचे वर्ग करून पदविका मिळवली, दाब मोजायच्या यंत्रांचे डबे उघडून बघितले, बिघडवले, दुरुस्त केले. तीनदा बढती हुकली. कारण एकच, तोंड. तिच्या फायलीत कुणीतरी 'उद्धट' असं लिहून ठेवलं होतं आणि तिला ते ठाऊक होतं. "खोटं नाही लिहिलेलं," ती म्हणायची, "पण अपुरं लिहिलंय."

मी खालच्या काचेच्या खोलीत बसायचो. मला ग्राफवाला म्हणायचे. प्रेसवर जो दाब पडतो त्याची रेघ स्क्रीनवर काढणं, ती साठवणं आणि रेघ चुकली की तो नग लाल क्रेटमध्ये टाकायला लावणं, हे माझं काम. रेघ कुठून येते याची मला फारशी पर्वा नव्हती. आता सांगायला लाज वाटते, पण सगळं सांगायचं तर इथूनच सुरुवात करायला हवी.

रेघ येते ती अशी. प्रेसच्या खाली सेन्सर बसवलेला असतो, आत क्वार्ट्‌झचा स्फटिक. त्याच्यावर दाब पडला की तो अगदी इवलासा विद्युतभार देतो. दाब तसाच टिकून राहिला तर नवीन काही देत नाही. जे द्यायचं ते दाब बदलताना देऊन मोकळा होतो. तो भार जपून धरायचं काम वरच्या डब्याचं. डबा म्हणजे चार्ज अ‍ॅम्प्लिफायर. त्याच्या आत एका कपॅसिटरवर तो भार गोळा होतो, आणि तिथे जितकं व्होल्टेज तयार होईल तितकी माझी रेघ उंच. ताई बोटं का लावू देत नव्हती, तर बोटाचा घाम केबलच्या टोकाला लागला की तिथलं निरोधन, म्हणजे इन्सुलेशन, जातं, भार गळतो आणि रेघ आपल्या मनाने कुठेही वाहत जाते.

कितीतरी वर्षं आमच्याकडे एकच प्रकारचं काम होतं. जाड पत्र्यावर दोन टनांचा घाव, अर्ध्या सेकंदात खेळ खलास. डबा त्याच कामासाठी लावलेला होता आणि बिनतक्रार चालत होता. मग नवं काम आलं. पाण्याच्या पंपातल्या चकत्या: धातूच्या तबकडीवर रबर चिकटवायचं, आणि गोंद धरेपर्यंत दोनशे किलोचा दाब सहा सेकंद दाबून ठेवायचा. हवेवर चालणारा छोटा प्रेस, पायाने दाबायचं पेडल. पाय पूर्ण दाबलेला असेल तर दाब पूर्ण, पाय ढिला पडला की दाब ढिला. नाजूक काम, म्हणून ते सगळ्यांत जुन्या माणसाकडे दिलं. त्यांना सगळे पेडलकाका म्हणायचे. निवृत्तीला तीन वर्षं राहिली होती. उजवा गुडघा थोडा दुखायचा आणि ते कुणापासून लपवत नसत. ही प्रामाणिकपणाची सवय पुढे त्यांना चांगलीच भोवली.

नव्या कामाचा पहिला दिवस उजाडला तेव्हा ताई रजेवर होती. तिच्या आईच्या डोळ्याचं ऑपरेशन होतं. दोन टनांसाठी लावलेल्या डब्यावर दोनशे किलोची रेघ म्हणजे स्क्रीनच्या तळाशी मुंगीएवढा उंचवटा. आमचे साहेब आले आणि स्क्रीनकडे बघून त्यांनी नाक मुरडलं. त्यांना सगळे पाठीमागे ठळकसाहेब म्हणायचे, कारण कागदावर, पाटीवर, स्क्रीनवर त्यांना सगळं ठळक लागायचं.

"हे काय? ग्राहक येणार आहे बघायला. ठळक पाहिजे."

मी वर गेलो. डब्यावर एक फिरवायचं बटन होतं, त्यावर आकडे होते. ते दहावर होतं. म्हणजे कपॅसिटर दहा नॅनोफॅरडचा. मी एकावर आणलं. रेघ दसपट उंच झाली. स्क्रीनवरचा गुणक दहाने बदलला, आकडे बरोबर दोनशे किलो दाखवायला लागले. मला स्वतःचाच अभिमान वाटला. आणखी एक गोष्ट केली. पाय उचलल्यावर रेघ शून्याच्या खाली जायला लागली होती. साहेब म्हणाले, "उणे दाब असतो का कुठे? घाण दिसतं ते." मी प्रोग्राममध्ये एक ओळ टाकली: शून्याखाली जे काही येईल ते शून्य समज. रेघ सुबक दिसायला लागली. साहेबांनी पाठ थोपटली.

ताई परत आली तेव्हा मी तिला बटन फिरवल्याचं सांगितलं. शून्याची ओळ सांगायची राहून गेली. राहून गेली म्हणजे, सांगण्यासारखी गोष्ट आहे असं मला वाटलंच नाही. ती तणतणली, हात कशाला लावलास म्हणून, मग तिने डबा तपासायला घेतला. तपासायची रीत ठरलेली होती: माहीत असलेला भार सेकंदाला शंभर हेलकाव्यांनी आत सोडायचा आणि बाहेर किती येतं ते बघायचं. जितकं यायला हवं होतं तितकंच आलं. तिने प्रमाणपत्रावर सही केली. वर्षानुवर्षं ती अशीच करत आली होती.

पहिला आठवडा नुसत्या चाचणीचा, तेव्हा फक्त रेघेची उंची बघितली जायची. दुसऱ्या आठवड्यापासून लाल क्रेट भरायला लागले.

काकांच्या प्रत्येक नगाची रेघ सारखीच. दोनशे किलोवर चढायची आणि तिथून हळूहळू उतरत सहाव्या सेकंदाला एकशे दहावर. ठळकसाहेबांनी ती छापून घेतली, अर्थातच मोठ्या आकारात, आणि काकांच्या पुढ्यात ठेवली.

"पाय टिकत नाही तुमचा."

"टिकतो साहेब. पूर्ण दाबून धरतो मी. प्रेसवरचा हवेचा काटा बघा ना, तो जागचा हलत नाही."

"तो काटा तुमच्याएवढाच जुना आहे," साहेब म्हणाले. "आणि हे यंत्र प्रमाणित आहे. ही बघा सही."

सही ताईची होती.

काकांना कारणे दाखवा नोटीस मिळाली. कारखान्याच्या डॉक्टरांनी गुडघा दाबून बघितला, काकांनी "आई गं" म्हटलं, आणि कागदावर 'उभ्या कामास अयोग्य' असं आलं. त्यांना प्रेसवरून काढून पॅकिंगला बसवलं; नवा माणूस मिळेपर्यंत तो छोटा प्रेस बंद ठेवला. तीन आठवड्यांनी सुनावणी, आणि सुनावणीत काय होणार ते शिपायालाही ठाऊक होतं: सक्तीची निवृत्ती. लाल क्रेटमधल्या चकत्या कुणीतरी पकडीने ओढून बघितल्या होत्या; रबर फाटलं पण जोड सुटला नाही. साहेब म्हणाले, "आज सुटला नाही, उद्या सुटेल. रेघ खोटं बोलत नाही." आणि मी, रेघेचा बाप, मान डोलावली.

या दिवसांत काकांच्या घरी काय चाललं होतं ते मला काकूंनी नंतर सांगितलं. रोज सकाळी काका वजनकाट्यावर उजवा पाय दाबून उभे राहायचे. काकू समोर खाली बसून आकडा वाचायच्या आणि सहापर्यंत मोजायच्या. काटा हलायचा नाही. "नीट बघ," काका म्हणायचे, "तू मला बरं वाटावं म्हणून सांगतेस." काकूंनी शपथ घेतली तरी पटायचं नाही. चाळीस वर्षं ज्या पायावर उभा राहिला त्या पायाचं म्हणणं त्या माणसाने ऐकणं सोडून दिलं होतं, कारण माझ्या स्क्रीनवर काहीतरी वेगळं दिसत होतं. हे आठवलं की मला अजून स्वतःच्या कानाखाली वाजवावीशी वाटते.

सुनावणीच्या दोन दिवस आधी, जेवणाच्या सुट्टीत, काका लोखंडी जिना चढून वर गेले. मी तिथेच होतो, एक केबल बदलून घ्यायला आलो होतो.

"ताई, तुमची सही आहे म्हणून विचारतो," काका म्हणाले. "भांडायला नाही आलो. मला फक्त एवढं सांगा, माझा पाय खरंच ढिला पडतो का? तुम्ही सांगितलंत तर मी मुकाट्याने कागदावर अंगठा करतो."

ताईने हातातला बोळा खाली ठेवला. "छापील रेघा आहेत?"

त्यांच्या खिशात घडी घालून ठेवलेल्या चार होत्या. नोटिशीसोबत मिळालेल्या. तिने त्या एकाखाली एक लावल्या आणि भिंग घेतलं. मग मला म्हणाली, "या सगळ्या एकशे दहावर संपतात."

"हो."

"चारही. सकाळचा नग, दुपारचा नग. एकशे दहा, एकशे दहा, एकशे दहा, एकशे दहा."

"सगळेच तसे आहेत," मी म्हणालो. "आठशेच्या वर नग आहेत."

"आठशे वेळा माणसाचा पाय अगदी सारखाच ढिला पडतो? दुखरा पाय? अरे, दुखरा पाय कधी पंधरा किलोनं ढिला पडेल, कधी पन्नास. हे मोजूनमापून कोण पडतंय?"

आठशे रेघा मी स्वतः साठवल्या होत्या आणि मला हे दिसलं नव्हतं.

"पाय उचलल्यावर रेघ कुठे जाते?"

"शून्यावर."

"बरोबर शून्यावर? खाली नाही जात?"

"जात होती," मी म्हणालो. "मी जाऊ देत नाही."

मला वाटलं आता माझा उद्धार होणार. पण रागाचा पहिला घास तिने स्वतःचाच घेतला.

"मी शंभर हेलकाव्यांवर तपासलं," ती म्हणाली. "गाढव आहे मी. शंभर हेलकाव्यांवर कुठे कळणार? तिथे गळायला वेळच मिळत नाही."

काका गोंधळून दोघांकडे बघत होते. तिने त्यांना आखूड पायाच्या स्टुलावर बसवलं आणि समजावलं. कपॅसिटर म्हणजे भांडं समजा. भांड्याच्या बुडाला एक बारीक भोक आहे; ते मुद्दाम ठेवलेलं असतं, एक प्रचंड मोठा रोधक, म्हणजे रेझिस्टर, असतो तो, नाहीतर रेघ सरकत सरकत छताला चिकटून बसेल. आता पेलाभर पाणी रुंद भांड्यात ओता, पातळी थोडीच चढते आणि तितक्याच आरामात उतरते. तेच पेलाभर पाणी अरुंद भांड्यात ओता. पातळी दसपट चढते, आणि भोक तेवढंच असल्यामुळे दसपट घाईने उतरते. "या शहाण्याने रेघ उंच दिसावी म्हणून भांडं अरुंद केलं. पहिलं असतं तर शंभर सेकंदांत जेवढं उतरलं असतं तेवढं आता दहा सेकंदांत उतरतं. आधीच्या कामात घाव अर्ध्या सेकंदाचा, तिथे हे दिसलंही नसतं. तुम्ही सहा सेकंद धरता."

"म्हणजे माझा पाय..."

"तुमचा पाय तिथेच होता काका. आमचं भांडं गळत होतं."

काकांनी कपाळावर हात मारून घेतला. हसले नाहीत, रडले नाहीत. "मग कागद?" त्यांनी विचारलं.

"कागदाचं मी बघते."

ती त्याच दुपारी साहेबांकडे गेली आणि मला फरफटत बरोबर नेलं. साहेबांनी ऐकून घेतलं, म्हणजे मोबाईलकडे बघत ऐकून घेतलं. मग म्हणाले, "बाई, ग्राहकाचा तपासनीस परवा सुनावणीच्या दिवशीच येतोय. आठशे नगांच्या रेघा चुकीच्या निघाल्या असं त्याला सांगू? तुम्ही बटन गुपचूप पहिल्यासारखं करा. पुढचे नग चांगले येतील. माणूसही बदललेला असेल. कुणाला काही कळायचं नाही."

"माणूस बदलला म्हणून नग सुधारले, असंच सगळे म्हणतील," ताई म्हणाली.

"म्हणू देत ना."

"मी नाही म्हणू देणार."

साहेबांनी मोबाईल खाली ठेवला. "प्रमाणपत्रावर सही तुमची आहे, विसरू नका. चूक असेल तर ती आधी तुमच्या गळ्यात पडेल."

"तीच सांगायला आले होते," ती म्हणाली आणि उठली. साहेबांनी अजून जायला सांगितलं नव्हतं.

सुनावणीच्या दिवशी बैठकीच्या खोलीत लांब टेबल, एका बाजूला ठळकसाहेब, मनुष्यबळवाल्या बाई आणि डॉक्टर. ग्राहकाचा तपासनीस प्रेसचं काम बघायला आलेला, साहेबांनी त्याला 'आम्ही शिस्तीबाबत किती कडक आहोत' हे दाखवायला मुद्दाम बसवून घेतलेलं. समोर एकटे काका, इस्त्रीच्या शर्टात. मनुष्यबळवाल्या बाईंनी आरोप वाचायला घेतला तेवढ्यात दार ढकलून ताई आत आली. एका हातात डबा, काखेत केबल. मागे मी, आणि माझ्या दोन्ही हातांत कारखान्याच्या वजनकाट्याचं वीस किलोचं लोखंडी वजन. माझी कंबर त्या दिवसानंतर सरळ झालेली नाही.

"ही बैठक खासगी आहे," साहेब म्हणाले.

"सही माझी वापरताय ना? मग मी पण बसते."

तिने टेबलावर सेन्सर ठेवला, वर पोलादी चकती, केबल जोडली. तपासनीस कुतूहलाने सेन्सरकडे वाकला, हात पुढे आला.

"हात नको," ताई म्हणाली. त्याने निमूट हात मागे घेतला.

मी माझा संगणक भिंतीवरच्या मोठ्या पडद्याला जोडला. तिने डब्यावरचं रीसेटचं बटन दाबून सोडलं, कपॅसिटर रिकामा झाला, रेघ शून्यावर बसली. "ठेव," ती म्हणाली. मी वजन सेन्सरवर ठेवलं आणि चार पावलं मागे सरलो.

रेघ वीसवर चढली. आणि उतरायला लागली. ताई मोठ्याने मोजत होती. सहाला रेघ अकरावर. दहाला सातच्या जरा वर. खोलीत कुणी हललं नाही. वजन तर नाहीच.

"डॉक्टरसाहेब," ती म्हणाली, "जरा तपासून सांगता का, या लोखंडाचा गुडघा दुखतोय का?"

डॉक्टर खोकले. तपासनीसाने हसू दाबलं, पण पुरतं दाबलं नाही. साहेब लाल झाले. "प्रयोगशाळेतले खेळ आहेत हे. प्रेसवरची गोष्ट वेगळी."

"अजून संपलं नाही." अर्ध्या मिनिटात रेघ एक किलोवर येऊन टेकली होती. वीस किलोचं लोखंड समोर बसलेलं आणि पडदा म्हणत होता, एक किलो. "आता उचल."

मी वजन उचललं. रेघ शून्यावर आली आणि तिथेच सपाट राहिली. ताईने माझ्याकडे बघितलं. आता माझी पाळी होती आणि ते तिने आधीच ठरवलेलं होतं.

"इथे रेघ शून्यावर दिसते, कारण मी तिला खाली जाऊ देत नाही," मी म्हणालो. "प्रोग्राममध्ये एक ओळ आहे. मी टाकलेली आहे." साहेबांनी माझ्याकडे असं बघितलं की माझी पुढची पाच वर्षं त्यात दिसली. मी ती ओळ सगळ्यांसमोर पुसली. पुन्हा रीसेट, पुन्हा वजन, पुन्हा अर्धा मिनिट, पुन्हा उचललं.

रेघ थेट शून्याच्या खाली गेली. उणे एकोणीस किलो.

"टेबलावर काही नाही," ताई म्हणाली. "आणि हा डबा सांगतोय की सेन्सरला कुणीतरी एकोणीस किलोनं वर ओढतंय. जेवढं गळलं तेवढंच खाली गेलं. काकांच्या प्रत्येक नगावर हे असंच व्हायचं, पाय उचलला की उणे नव्वद. पाय खरंच ढिला पडला असता तर रेघ शून्यावरच थांबली असती. डब्याची चूक ओळखायची ती एकच खूण होती आणि ती आम्ही शोभेसाठी पुसली."

मग तिने बटन दहावर आणलं, मी गुणक बदलला, आणि तेच वजन पुन्हा. सहाव्या सेकंदाला एकोणीसच्या किंचित खाली. "हेही गळतं," ती कुणी विचारायच्या आत म्हणाली. "शंभरातलं सहा. पण सहा सेकंदांच्या कामाला चालतं. रेघ मोठी हवी तर भांड्याला हात लावायचा नाही. डब्यातून बाहेर आल्यावर ती दसपट करायची. तेव्हा भोकाचा संबंध येत नाही. एका दिवसाचं काम आहे."

तपासनीसाने वहीत काहीतरी लिहिलं. साहेब सावरले, ते नेहमीच सावरतात. "ठीक आहे. काका, तुम्ही उद्यापासून प्रेसवर या. विषय संपला." त्यांनी फाईल मिटली.

"विषय संपला नाही," ताई म्हणाली. तिने खिशातून दोन कागद काढले. एकावर तिने स्वतःचं प्रमाणपत्र रद्द केलं होतं: तपासणी शंभर हेलकाव्यांवर केली, काम सहा सेकंदांचं होतं, ही चूक माझी, प्रमाणपत्राच्या तारखेपासूनच्या सगळ्या रेघा ग्राह्य धरू नयेत. खाली सही, ठसठशीत. साहेबांना हवं तसं ठळक. दुसरा कागद कोरा होता. तो तिने साहेबांपुढे सरकवला. "यावर तुम्ही लिहा. नोटीस मागे घेतली. 'अयोग्य' हा शेरा रद्द. काकांच्या फायलीत हा कागद लागेपर्यंत मी इथून हलत नाही."

"हे प्रमाणपत्र रद्द केलंत तर तुमचा सहीचा अधिकार काढून घ्यावा लागेल."

"घ्या."

"सव्वीस वर्षं..."

"मला मोजता येतात साहेब. लिहा."

मनुष्यबळवाल्या बाईंनी मान खाली घातली. तपासनीस पेन हातात धरून साहेबांकडे बघत राहिला. साहेबांनी लिहिलं. अक्षर बारीक होतं. ताईने वाचून घेतलं, एका ओळीखाली बोट ठेवलं आणि ती पुन्हा, स्पष्ट लिहायला लावली.

सहीचा अधिकार खरोखरच गेला. त्याच संध्याकाळी पत्र आलं. तपासणी अजूनही तीच करते, आता सहा सेकंद वजन ठेवूनही करते, पण सही दुसऱ्याच कुणाची येते, त्याला केबलला हात कसा लावू नये तेसुद्धा कळत नाही. मी हे तिच्याजवळ हळहळून बोललो तेव्हा ती माझ्यावरच उखडली. "मला सही नको होती. मला काका प्रेसवर हवे होते. आले ना?"

आले. दुसऱ्या दिवशी सकाळी काका प्रेसपाशी उभे राहिले. बटन दहावर होतं, मी रेघ नव्याने लावून दिली होती, स्क्रीन मुद्दाम त्यांच्या डोळ्यांसमोर ठेवला होता. म्हटलं, त्यांना बघून बरं वाटेल. सगळा हॉल हातातलं काम थांबवून बघत होता. ताई जिन्यावर उभी होती.

काकांनी तबकडी ठेवली, रबर ठेवलं. मग माझा स्क्रीन दोन्ही हातांनी धरला आणि फिरवून भिंतीकडे तोंड करून ठेवला.

"तुझं तू बघ तिकडून," ते मला म्हणाले, आणि पेडलवर पाय ठेवून मोठ्याने मोजायला लागले. एक. दोन.